रक्तदान शिबिराचं आभार प्रदर्शन: पिशव्यांचा आकडा कसा काढावा आणि कसा सांगावा

शिबिराच्या आभार प्रदर्शनाला लोक दोन गोष्टी ऐकायला थांबतात. आकडा किती झाला, आणि आपल्या वाडीचं नाव घेतलं की नाही. दुसरी गोष्ट प्रत्येक गावाने आपापली सांभाळावी. पहिलीत मात्र जवळजवळ सगळीकडे तेच घोळ होतात. आकडा चुकीच्या वहीतून उचलला जातो, युनिट म्हणजे काय हे कुणी सांगत नाही, आणि शेवटी ‘इतक्या गुणिले तीन जीव वाचले’ असा हिशोब माइकवरून जाहीर होतो. खाली हे काम नीट कसं करायचं ते क्रमाने लिहिलं आहे. उदाहरण म्हणून किनाऱ्यावरच्या एका गावातलं मे महिन्यातलं शिबिर धरू. चाकरमानी घरी आलेले, शाळेला सुट्टी आणि वर्ग रिकामे, त्यामुळे कोकणात बरीच शिबिरं याच दिवसांत होतात.

आकडा कुणाच्या वहीतून घ्यायचा

शिबिरात किमान तीन आकडे फिरत असतात. दारातल्या टेबलावरचे टोकन नंबर, भरलेले फॉर्म, आणि रक्तपेढीच्या लोकांनी खरोखर भरून बंद केलेल्या पिशव्या. मंडळाचे कार्यकर्ते बहुधा पहिला आकडा धरून चालतात, कारण ती वही त्यांच्या हातात असते. आभारात सांगायचा तो तिसरा.

आपल्या उदाहरणात टोकन 74 गेली. त्यातले तिघे रांग बघून ‘जाऊन येतो’ म्हणाले ते आलेच नाहीत. फॉर्म झाले 71. तपासणीत 12 जणांना थांबावं लागलं: सात जणांचं हिमोग्लोबिन कमी, दोघांचं बीपी जास्त, दोघांची औषधं चालू, एकाचं वजन 45 किलोच्या खाली. टेबलावर झोपले 59. त्यातल्या एकाला मध्येच घेरी आली म्हणून थांबवलं आणि एकाची शीर नीट मिळाली नाही, पिशवी अर्धवट राहिली. पूर्ण पिशव्या 57. जाहीर करायचा आकडा हाच.

अर्धवट पिशवी का मोजत नाहीत, असं कुणीतरी विचारतंच. पिशवी कारखान्यातून येते तेव्हा रिकामी नसते. रक्त गोठू नये म्हणून तिच्यात आधीच एक द्रव भरलेला असतो, 350 मिलीच्या पिशवीत 49 मिली आणि 450 मिलीच्या पिशवीत 63 मिली. त्याचं प्रमाण पूर्ण भरलेल्या पिशवीसाठी ठरवलेलं आहे. रक्त फारच कमी आलं की द्रव जास्त ठरतो, आणि अशी पिशवी साधारणपणे बाद करावी लागते. रक्त देताना पिशवी ज्या छोट्या यंत्रावर पाळण्यासारखी डुलत असते, ते तिला हलवतं आणि वजनही करतं. ठरलेलं वजन झालं की यंत्र वाजतं, मग तंत्रज्ञ नळी बंद करतो. ज्या टेबलावर ते यंत्र वाजायच्या आधीच सुई काढली, ती पिशवी बहुधा तुमच्या आकड्यात येणार नाही.

शेवटचा दाता उठला की रक्तपेढीच्या प्रमुखांजवळ कागद घेऊन उभं राहायचं आणि चार गोष्टी विचारायच्या: एकूण पूर्ण पिशव्या, त्यात 350 च्या किती आणि 450 च्या किती, पहिल्यांदा रक्त देणारे किती, स्त्रिया किती. त्यांच्याकडे हे फॉर्मवरून पाच मिनिटांत निघतं. आकडा ऐकून लक्षात ठेवू नका, कागदावर लिहून घ्या. माइकसमोर उभं राहिल्यावर 57 चे 75 व्हायला वेळ लागत नाही, आणि एकदा व्हॉट्सॲपवर गेलेला आकडा परत येत नाही.

भाषणासाठी गाडी अडवू नका

कोकणात ही अडचण शहरापेक्षा मोठी आहे. गुहागरकडचं किंवा देवगडकडचं एखादं खाडीकाठचं गाव धरा. तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी पोचायला वळणाच्या रस्त्याने दोन तास सहज जातात. रक्तातून प्लेटलेट्स वेगळ्या काढायच्या असतील तर रक्त घेतल्यापासून साधारण सहा तासांच्या, फार तर आठ तासांच्या आत ते काम व्हावं लागतं. पहिली पिशवी साडेनऊला भरली असेल तर सहा तास साडेतीनला संपतात. त्यातून रस्त्याचे दोन तास आणि तिथे पोचल्यावरच्या तयारीचा अर्धा तास वजा करा. म्हणजे सकाळच्या पिशव्यांची पेटी एकच्या सुमारास गावातून निघालेली बरी.

आणि आपण काय करतो? पाहुणे उशिरा येतात, सत्कार सुरू होतात, आणि डॉक्टर-तंत्रज्ञांना शाल-श्रीफळ द्यायचं म्हणून सगळ्या चमूला अर्धा तास खुर्चीवर बसवून ठेवतो. बाहेर पेट्या भरून तयार. हा अर्धा तास थेट प्लेटलेट्समधून कापला जातो. त्यामुळे रक्तपेढीच्या प्रमुखांना सकाळीच विचारून ठेवा की पेटी किती वाजता निघायला हवी. पाहुणे येवोत न येवोत, त्या वेळेच्या आधी चमूचे आभार मानून त्यांना मोकळं करा. अंतिम आकडा तोपर्यंत झाला नसेल तर ‘आत्तापर्यंत 41 पिशव्या’ असं सांगा. त्या ‘आत्तापर्यंत’ला कुणी नावं ठेवत नाही.

एक शंका गावात हमखास निघते: ‘एवढ्या उन्हात रक्त बर्फात का नाही ठेवलं?’ प्लेटलेट्सना थंडी सोसत नाही. त्यांच्यासाठीचं रक्त 20 ते 24 अंशांत ठेवतात, म्हणून पेटीत साधा बर्फ ठेवत नाहीत. आभारात हे एका वाक्यात सांगून टाकलंत तर तंत्रज्ञांकडे संशयाने बघणारे डोळे तिथेच निवतात.

एक युनिट म्हणजे नेमकं काय

युनिट म्हणजे एका माणसाने एका वेळी दिलेली एक पूर्ण पिशवी. इतकंच. ते लिटरसारखं ठरीव माप नाही. वजन 45 किलोच्या वर असेल तर 350 मिली घेतात. 55 किलोच्या वर असेल तर 450 मिली घेता येतं. दोन्ही एकेकच युनिट. म्हणून ‘आज इतके लिटर रक्त जमलं’ असं सांगण्यात अर्थ नाही. आपल्या उदाहरणात 39 पिशव्या 350 च्या आणि 18 पिशव्या 450 च्या आहेत, म्हणजे 21 लिटर 750 मिली. आकडा ऐकायला गमतीचा आहे, पण रुग्णालयात कुणी लिटरने रक्त मागत नाही. तिथे चिठ्ठीवर ‘दोन युनिट’ लिहिलेलं असतं.

लोकांना युनिट कळतं ते रुग्णाच्या बाजूने सांगितलं की. एका पिशवीतल्या तांबड्या पेशी मोठ्या माणसाला दिल्या तर त्याचं हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने चढतं. बाळंतपणात जास्त रक्त गेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 6 वर आलं असेल आणि डॉक्टरांना ते 8 पर्यंत न्यायचं असेल, तर दोन पिशव्या लागतात. म्हणजे या शाळेच्या वर्गात सकाळी बाजूबाजूच्या टेबलांवर झोपलेले दोघे. असं सांगितलंत की मागच्या रांगेतल्या आजींनाही कळतं.

दुसरं उदाहरण थॅलेसेमियाच्या मुलांचं. त्यांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं आणि हे थांबत नाही. वर्षाला पंधरा-वीस पिशव्या एका मुलाला सहज लागतात. आपल्या गावच्या 57 पिशव्या म्हणजे अशा तीन मुलांचं साधारण एक वर्ष, असं म्हणता येतं. पण लगेच पुढचं वाक्य बोलायला हवं, की त्या वर्षभर टिकत नाहीत. तांबड्या पेशी 2 ते 6 अंशांत ठेवतात आणि पिशवीत कोणता द्रव आहे त्यावर 35 किंवा 42 दिवस टिकतात. प्लेटलेट्स पाचच दिवस. प्लाझ्मा मात्र गोठवून वर्षभर ठेवता येतो.

या टिकण्याच्या मुदतीवरूनच ‘गेल्या वर्षी 83 होत्या, यंदा 57च’ या कुरकुरीला उत्तर मिळतं. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, शहरात शिबिरं कमी होतात आणि रक्तपेढ्यांची कपाटं रिकामी व्हायला लागतात. तेव्हा मिळालेल्या 57 पिशव्यांतल्या तांबड्या पेशी जूनपर्यंत पुरवठ्यात राहू शकतात. उलट एखाद्या जयंतीला जिल्ह्यात एकाच दिवशी दहा ठिकाणी शिबिरं झाली तर काही पिशव्या वापराविना मुदतबाह्य होण्याची भीती असते. आकडा कमी आल्याची दिलगिरी माइकवर व्यक्त करू नका. शेजारच्या गावाशी तुलना तर मुळीच नको.

‘एक पिशवी, तीन जीव’

ही घोषणा बॅनरवर असते आणि तिच्यात खोटं काही नाही, पण तिने गुणाकार केला की गडबड होते. एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लेटलेट्स आणि प्लाझ्मा असे तीन घटक वेगळे करता येतात आणि ते तीन वेगळ्या रुग्णांना देता येतात, हे खरं. पण ते होईल की नाही हे पिशवी कोणत्या प्रकारची होती, गाडी वेळेत पोचली का, आणि त्या रक्तपेढीत घटक वेगळे करायची सोय आहे का, यावर ठरतं.

मोठी मेख प्लेटलेट्समध्ये आहे. पावसाळा आणि त्यानंतर डेंग्यूचे रुग्ण वाढतात तेव्हा सगळे त्यांच्याच मागे धावतात. एका पिशवीतून निघालेल्या प्लेटलेट्सनी मोठ्या माणसाचा काउंट साधारण पाच ते दहा हजारांनीच वाढतो. म्हणून मोठ्या माणसाच्या एका डोसला अशा चार ते सहा पिशव्या लागतात. इथे हिशोब उलटा झाला: एका दात्यामागे तीन रुग्ण राहिले बाजूला, एका रुग्णामागे पाच दाते लागले. म्हणून ‘आज आपण 171 जीव वाचवले’ असं म्हणू नका. ‘या 57 पिशव्यांतून जास्तीत जास्त तीन-तीन घटक निघू शकतात’ इतकंच म्हणा.

शिवाय अजून तपासण्या बाकी असतात. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासणी झाल्यावरच ती रुग्णाला देतात. म्हणून शिबिराच्या दिवशी क्रियापद ‘जमा झाल्या’ असंच हवं. ‘रुग्णांना मिळाल्या’ हे त्या दिवशी कुणालाच ठाऊक नसतं.

माइकवर काय बोलायचं नाही

ज्या 12 जणांना रक्त देता आलं नाही त्यांची नावं आणि कारणं माइकवर येता कामा नयेत. ‘आमच्या सरपंचबाईंना खूप इच्छा होती, पण हिमोग्लोबिन कमी भरलं’ हे कौतुकाने म्हटलेलं वाक्यही नको. गाव छोटं असतं. एकाचं कारण सांगितलं की न सांगितलेल्या अकरांबद्दल तर्क सुरू होतात. याच कारणाने दात्यांच्या नावांची यादी वाचायलाही माझा विरोध आहे. 57 नावं वाचली की ज्यांचं नाव आलं नाही ते आपोआप उघडे पडतात, आणि सकाळी त्यांना रांगेत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. वाडीवार आकडेही याच कारणाने टाळा. वाडीचं नाव घ्या, संख्या नको.

रक्त देता न आलेल्यांचे आभार मात्र जरूर माना, आणि एकत्र माना. हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली असेल तर रक्त घेत नाहीत, तो आकडा फुकटात कळला, आता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, इतकं सगळ्यांना उद्देशून सांगितलं की ज्याला लागू आहे तो समजतो.

दुसरी गोष्ट आश्वासनांची. ‘आज रक्त दिलंत, आता तुमच्या घरच्यांना कधीही रक्त मोफत’ हे उत्साहात बोललं जातं आणि सहा महिन्यांनी रात्री दोन वाजता कुणीतरी तेच वाक्य घेऊन रक्तपेढीच्या काउंटरवर भांडत उभा राहतो. रक्ताची किंमत कुणी घेत नाही. तपासणी आणि प्रक्रियेचं शुल्क असतं, आणि दात्याच्या कार्डावर कोणती सवलत आहे हे त्या त्या रक्तपेढीकडून आधीच विचारून घ्यायचं. त्यांनी सांगितलं तेवढंच बोलायचं. रक्तदान स्वेच्छेचं आणि मोबदल्याविना असतं, त्यामुळे ‘प्रत्येक दात्याला आकर्षक भेट’ देणाऱ्या प्रायोजकाचं कौतुकही लांबवू नये. चहा-पोहे, लाडू आणि कोकम सरबत देणाऱ्यांचे आभार मनसोक्त माना.

आभारांचा क्रम

यावर मंडळात सगळ्यात जास्त वाद होतो आणि लिहिण्यासारखं यात सगळ्यात कमी आहे. आधी दाते, मग रक्तपेढीची चमू, मग जागा देणारी शाळा किंवा देवस्थान, मग ग्रामस्थ मंडळ, महिला मंडळ आणि मुंबई मंडळ, शेवटी पाहुणे. पाहुण्यांना शेवटी घेतलेलं काहींना खटकेल. खटकू दे, निदान त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर दात्यांचं सांगून झालेलं असेल. वाड्यांची नावं घ्यायची तर सगळ्या घ्या, कागदावर लिहून आणि मागच्या वर्षी जी शेवटी होती तिला पहिली घालून.

लिहून दाखवतो

आपल्या उदाहरणातल्या शिबिराचं आभार प्रदर्शन असं होईल. सावकाश वाचलं तरी तीन मिनिटं लागत नाहीत.

“मंडळी, दोन मिनिटं बसून घ्या, चहा येतोच आहे. आज सकाळी साडेनऊपासून आपल्या शाळेत 71 जणांनी फॉर्म भरले आणि 57 पिशव्या रक्त जमा झालं. हा आकडा रक्तपेढीच्या डॉक्टरांनी दिलेला आहे. या 57 जणांत 13 आमच्या आयाबहिणी आहेत आणि 22 जण आज पहिल्यांदा सुईला सामोरे गेले. तुम्हा सगळ्यांचे मंडळातर्फे मनापासून आभार.

एक पिशवी म्हणजे एक युनिट. कुणाची 350 मिलीची, कुणाची 450 ची, पण मोजताना एकच. एक पिशवी दिली की पेशंटचं हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढतं. बाळंतपणात रक्त गेलेल्या एखाद्या बाईला दोन पिशव्या लागल्या, तर त्या तुमच्यापैकी दोघांच्या असतील. कोणत्या दोघांच्या, ते आपल्याला कधीच कळणार नाही. या पिशव्यांच्या आता तपासण्या होतील, त्यातून घटक वेगळे होतील आणि मग त्या पेशंटकडे जातील. तांबड्या पेशी महिना-सव्वा महिना टिकतात. म्हणून आज ज्यांनी दिलं त्यांनी पुढची तारीख लक्षात ठेवा: पुरुषांना तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं.

ज्यांना आज थांबावं लागलं त्यांचेही आभार. तुम्ही आलात, तपासून घेतलंत. डॉक्टरांनी जे सांगितलं असेल ते आपल्या आरोग्य केंद्रात एकदा दाखवा.

रक्तपेढीची मंडळी सकाळी सहाला घरातून निघाली. त्यांची पहिली पेटी एक वाजता रवाना झाली, कारण प्लेटलेट्स काढायला वेळेत पोचायला हवं. ते इथे सत्काराला थांबले नाहीत, ते आपल्याच रक्तासाठी. शाळेने वर्ग उघडून दिले, महिला मंडळाने पहाटेपासून पोहे केले, मुंबई मंडळाने मांडव आणि पंखे दिले, सगळ्या वाड्यांतल्या पोरांनी रांग सांभाळली. पाहुणे वेळ काढून आले. सगळ्यांचे आभार.

आणि एक. आज रक्त दिलेल्यांनी संध्याकाळपर्यंत भरपूर पाणी, सरबत, शहाळं प्या. आज झाडावर चढायचं नाही, होडीवर जायचं नाही, जड काही उचलायचं नाही. आंबे उद्या काढा.”

शेवटचा परिच्छेद गाळू नका. मे महिन्यातल्या उकाड्यात रक्त देऊन थेट कलमावर चढणारा माणूस हा शिबिरातला खरा धोका असतो. घेरी कधी कधी टेबलावर न येता तासा-दोन तासांनी येते. शरीरातलं गेलेलं पाणी एक-दोन दिवसांत भरून निघतं, तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात, आणि हे सांगायची जागा आभार प्रदर्शनच आहे, कारण सगळे एकत्र असण्याची ती शेवटची वेळ.

आठ-दहा दिवसांनी

रक्तपेढीला फोन करून विचारा की 57 पिशव्यांतून तांबड्या पेशी, प्लेटलेट्स आणि प्लाझ्माच्या किती किती पिशव्या निघाल्या. तो आकडा ते देतात, आणि आता त्यात अंदाज नसतो. प्लेटलेट्सचा आकडा फारच कमी आला तर गाडी कधी निघाली, कधी पोचली ते विचारा. पुढच्या शिबिराची वेळ त्यावरून ठरवता येते, बहुधा सकाळी आठला सुरू करून बारापर्यंत आटपावं लागतं. तपासणीत किती पिशव्या बाद झाल्या आणि का, हे मात्र विचारू नका. एवढ्याशा गावात तो आकडाही कुणाचं तरी नाव होतो. ज्याचं काही निघालं असेल त्याला रक्तपेढी स्वतः गुप्तपणे कळवते.

मिळालेले तीन आकडे ग्रामपंचायतीच्या किंवा देवळाच्या फलकावर खडूने लिहा, खाली शिबिराची तारीख आणि पुरुष व स्त्रियांना पुन्हा केव्हा रक्त देता येईल त्या दोन तारखा.